नेत्रदानाच्या चित्रफितीचे शेवटचे आवाहन: सोलापुरातील कामाच्या नोंदी

३ जुलै २०२५

संस्थेची नेत्रदानावरील चित्रफीत जवळजवळ तयार झाली आहे. लांबी सव्वातीन मिनिटे आहे. राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा दरवर्षीप्रमाणे २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असा असून यंदा गणेशोत्सव २७ ऑगस्टला सुरू होतो, त्यामुळे मंडळांच्या पडद्यांवर ही फीत दाखवण्याची चांगली संधी आहे. चित्रण, आवाज, रंग हे सर्व मार्गी लागले आहे. अडले आहे ते शेवटचे आवाहन. या नोंदी तेवढ्याच भागाच्या आहेत, कारण अशी फीत करणाऱ्या इतर संस्थांचेही काम बहुधा तिथेच अडते.

पहिला मसुदा असा होता: ‘नेत्रदान हे सर्वश्रेष्ठ दान आहे. चला, आपण सर्वजण नेत्रदानाचा संकल्प करूया आणि अंधांच्या जीवनात प्रकाश आणूया. अधिक माहितीसाठी संपर्क साधा. ही चित्रफीत जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा. संस्थेला सढळ हाताने मदत करा.’ त्यामागे चढत जाणारी सनई होती आणि पडद्यावर संस्थेचे बोधचिन्ह, दोन दूरध्वनी क्रमांक व क्यूआर कोड होता.

५ जुलै

अशोक चौकाजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात चहाच्या सुट्टीत, आणि विडी घरकुलातील एका महिला बचत गटाच्या बैठकीत फीत दाखवली. फीत आवडली का, हे आम्ही विचारले नाही, कारण त्याचे उत्तर सोलापुरात नेहमी ‘छान आहे’ असेच येते. ‘हे बघून उद्या तुम्ही काय करणार?’ एवढेच विचारले. कारखान्यातील बहुतेकांनी ‘फॉर्म भरावा लागेल’ असे सांगितले, परंतु तो कोठे मिळतो हे कोणालाच सांगता आले नाही. बचत गटातील एका मावशींचे उत्तर सर्वांत उपयोगी होते: ‘मी काय करणार? मी तर मेलेली असणार ना तेव्हा.’

सबंध मसुद्यातील उणीव या एका वाक्यात सापडते. रक्तदानाच्या फितीत ‘रक्तदान करा’ असे म्हणता येते, कारण पाहणारा उठून शिबिरात जाऊ शकतो. नेत्रदान मात्र पाहणाऱ्याला स्वतः करताच येत नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर घरचे लोक करतात, आणि तेही सहा तासांच्या आत. आम्ही ज्याला आवाहन करत होतो त्याच्याकडून होऊ शकणारी कृतीच मसुद्यात नव्हती.

८ जुलै

नेत्रपेढीच्या समुपदेशक ताईंशी बोलणे झाले. संकल्पपत्रे भरलेल्या माणसांचे डोळे प्रत्यक्षात का मिळत नाहीत, असे त्यांना विचारले. त्यांच्या अनुभवात सर्वाधिक वेळा घडणारी गोष्ट अशी की आजोबांनी अर्ज भरलेला असतो, कार्ड कपाटात शिधापत्रिकेच्या कागदांबरोबर ठेवलेले असते, आणि दिवस झाल्यावर कागद चाळताना ते मुलाच्या हाती लागते. घरात कोणाला माहीतच नसते. दुसरे कारण म्हणजे माहीत असते, पण सर्वांचे येणे-जाणे, रडणे, गावाकडच्या माणसांची वाट पाहणे यात वेळ निघून जातो.

त्यांनी आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. मृत्यूनंतर जवळच्या नातलगाची लेखी संमती घेतल्याशिवाय प्रत्यक्षात कोणी डोळे काढत नाही, आणि मृत व्यक्तीने पूर्वी कोणताही अर्ज भरलेला नसला तरी नातलगांना संमती देता येते. म्हणजे अर्ज हा इच्छेचा पुरावा म्हणून उपयोगी असला, तरी सर्व काही घरच्यांना ठाऊक असण्यावर आणि कोणीतरी वेळेत फोन करण्यावर अवलंबून असते. म्हणून अर्ज, संकल्प, देणगी, प्रसार हे सारे आवाहनातून काढायचे आणि एकच मागणी ठेवायची असे ठरले: घरी सांगून ठेवा.

देणगीचे वाक्य काढण्यावर संस्थेत बराच वाद झाला. फितीवर खर्च झालेला असल्याने कोशाध्यक्षांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तरीही डोळ्यांविषयी बोलणे संपताच पैशांचा विषय आला की पाहणाऱ्याला आधीचे सगळे त्यासाठीच होते असे वाटते, आणि नेत्रदानात पैशांचा व्यवहार नसतो हे ठसवणे तर आमच्यासाठी फार आवश्यक आहे. देणगीसाठी वेगळे पत्रक काढू.

१४ जुलै

संकलकाला आषाढी वारीच्या चित्रणाची कामे असल्याने मधला आठवडा हातचा गेला. आज दुसरा मसुदा लावून पाहिला.

फितीचा शेवट आतापर्यंत असा होता की नेत्ररोपणानंतर दृष्टी परत आलेला एक तरुण दात्याच्या मुलासमोर हात जोडतो. हे दृश्य दोन कार्यकर्त्यांनी अभिनय करून दिले होते. ताईंनी त्याला स्पष्ट हरकत घेतली. दाता आणि ज्याला डोळा मिळाला तो, या दोघांची ओळख नेत्रपेढी गुप्त ठेवते. अशी भेट दाखवली तर लोक तशी भेट घडवून देण्याची मागणी करतील. दृश्य काढावे लागले. त्याच्या चित्रणासाठी गेलेले अडीच हजार रुपये वाया गेले, परंतु त्याचा एक फायदा झाला. कृतज्ञतेने ओथंबलेल्या त्या दृश्यानंतर ‘घरी सांगा’ हे वाक्य कोठूनच जुळत नव्हते, कारण दृश्य डोळे मिळालेल्याचे होते आणि मागणी देणाऱ्याच्या घराकडे होती. आवाहन कृत्रिम वाटते तेव्हा आपण शब्द बदलत बसतो. आमच्याकडे मात्र आधीचे दृश्यच वेगळ्या माणसाचे होते, आणि ते तसेच असते तर शब्द कितीही बदलून उपयोग झाला नसता.

आता शेवटी देणारे घर हवे. फितीच्या मध्यावर एका मुलाची मुलाखत आहेच. त्याच्या आईचे नेत्रदान झाले आहे. पूर्व भागातील हे पद्मशाली कुटुंब आहे, चादरीचे माग चालवते. मुलाखत मध्यावरून उचलून शेवटी आणली.

१८ जुलै

दुसऱ्या मसुद्यातील आवाहन निवेदिकेच्या आवाजात असे होते: ‘आज रात्री जेवताना घरच्यांना सांगा, माझ्या मागे माझे डोळे द्या.’ कागदावर हे आम्हा सर्वांना आवडले होते. एक वेळ, एक जागा आणि एक वाक्य असे तिन्ही त्यात होते.

बचत गटातच पुन्हा दाखवले आणि हे आवाहनही टिकले नाही. जेवताना मरणाचे बोलायचे नसते, हे वयस्क बायांनी लगेच सांगितले. एक आजी म्हणाल्या, ‘ताटावर बसून असलं अभद्र कोण बोलेल? सून उठून जाईल माझी.’ तरुण मुलींनाही आई-वडिलांसमोर असे बोलणे अशक्य वाटले, कारण वडील घाबरतील किंवा रागावतील. आवाहनातील कृती फक्त सोपी असून भागत नाही. ती त्या घरात शोभायला हवी आणि ती करणाऱ्याला कोणाचे वाईट ऐकावे लागू नये.

दुसरी अडचण आवाजाची होती. मुलगा साध्या बोलीत बोलत असताना एकाएकी निवेदिकेचा शुद्ध, घडवलेला आवाज आला की कारखान्यातील माणसांच्या माना वळत होत्या. तेथून पुढे जाहिरात सुरू झाली, असे त्यांना वाटत असावे. संगीत चढू लागले तेव्हाही तेच झाले. मोबाइलवर पाहणारे तर संगीत चढताच फीत बंद करतात, हे मी समोर बसून पाहिले. म्हणून मागणी संगीताच्या आधी, आणि चालू असलेल्या आवाजातच यायला हवी.

२४ जुलै

त्या मुलाकडूनच आवाहन म्हणवून घ्यावे असे ठरवून लिहिलेला मजकूर त्याला वाचायला दिला. दहा वाक्ये आपलेपणाने बोलणारा हा माणूस ते एक वाक्य शाळेतील प्रतिज्ञेसारखे म्हणू लागला. अनेकदा करून पाहिले, तरी ते सुधारले नाही. कॅमेरावाल्याचे अर्ध्या दिवसाचे भाडे त्यात गेले.

१० ऑगस्ट

मधल्या काळात त्याच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. काल नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथोत्सव असल्यामुळे पूर्व भागात चित्रण शक्यच नव्हते. आज त्याच्या घरी गेलो, तेव्हा लिहिलेला कागद सोबत नेलाच नाही. त्याऐवजी प्रश्न विचारायचे आणि उत्तरातून मिळेल ते घ्यायचे असे ठरले होते.

‘त्या रात्री काय काय केलंत?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या माहितीपत्रकापेक्षा चांगले निघाले. त्याने सांगितले की आधी आईच्या पापण्या मिटवल्या, पंखा बंद केला, डोक्याखाली उशी दिली, पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि नेत्रपेढीला फोन लावला. पंखा का बंद केला, हेही त्याला फोनवरून सांगण्यात आले होते: वाऱ्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घरातले सर्वजण आधी पंखा वाढवतात, म्हणून ही गोष्ट आमच्याकडे विशेष सांगायला हवी. उशीमुळे डोके थोडे उंच राहते, आणि नंतर रक्त येण्याची वा सूज दिसण्याची शक्यता कमी होते. पथक घरी आले, वीस मिनिटांत काम झाले, चेहरा होता तसाच दिसत होता. आईला मधुमेह होता, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, तरीही डोळे घेतले, हे त्याने ओघातच सांगितले.

यानंतर विचारले, ‘आईनं हे कोणाला सांगून ठेवलं होतं?’ तो म्हणाला, ‘मलाच. थोरला भाऊ आहे, पण घरात असं काही झालं की सगळ्यांना फोन मी करतो. म्हणून तिनं मला सांगितलं.’

याहून चांगले आवाहन आम्हाला सुचले नसते. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. तो कर्ता असेलच असे नाही. कधी धाकटा मुलगा असतो, कधी जावई, कधी पुतण्या, कधी शेजारी. कोणी गेले की पहिला तासभर फोन त्याच्याच हातात असतो: डॉक्टर, नातेवाईक, गाव, स्मशानभूमी, गाडी. नेत्रपेढीचा फोन त्या यादीत आला तरच सहा तासांच्या आत येतो. शिवाय त्या एका माणसाला बाजूला घेऊन सांगणे सोपे आहे. ताटावर विषय काढावा लागत नाही आणि वडिलांसमोर बोलावे लागत नाही.

‘मग इतरांनी काय करावं?’ असे विचारल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘तुमच्या घरात हे फोन कोण करतं, त्याला सांगून ठेवा. नंबर पण देऊन ठेवा.’ हेच फितीत जाईल. याच प्रश्नांवर त्याने घरच्या तेलुगूत पुन्हा उत्तरे दिली, तीही लगेच चित्रित केली. पूर्व भागातील मंडळांसाठी वेगळी फीत होईल आणि त्यात कोणाचा आवाज वरून चढवावा लागणार नाही.

१३ ऑगस्ट

संकलन पुन्हा केले. साडेचार हजार रुपये लागले. तीन बदल महत्त्वाचे आहेत.

मधुमेह, चष्मा, मोतीबिंदू, विद्रूपता या शंकांची उत्तरे पूर्वी आवाहनाला चिकटून होती, त्यामुळे शेवट माहितीपत्रकासारखा वाटत होता. आता ती मुलाच्या हकिकतीत आधीच येऊन जातात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज अशा आजारांत डोळे घेत नाहीत, ही माहिती फितीत ठेवलेली नाही. तो निर्णय नेत्रपेढीने फोनवर आणि रक्ताच्या तपासणीनंतर घ्यायचा आहे. पाहणाऱ्याने स्वतःच ठरवून फोन टाळू नये, हेच आम्हाला हवे.

दूरध्वनी क्रमांक एकच ठेवला आहे. नेत्रदानासाठी १९१९ हा देशपातळीवरील क्रमांक आहे आणि लक्षात ठेवायला सोपा आहे, तरी पडद्यावर नेत्रपेढीचा स्थानिक क्रमांक दिला, कारण त्या घाईत फोन उचलणाऱ्याला पत्ता समजावून सांगावा लागू नये. १९१९ हा चित्रफितीसोबतच्या मजकुरात आहे. जो कोणता क्रमांक देणार असाल तो फीत पक्की करण्यापूर्वी आपल्या गावातून, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून आणि मध्यरात्रीनंतर लावून पाहावा. नेत्रदानाचा फोन अनेकदा रात्रीच जातो. आम्ही रात्री दोन वाजता लावून पाहिला, आणि समोरून उत्तर आले तेव्हाच तो पक्का केला.

क्रमांक आता मुलगा ‘तुमच्या घरात हे फोन कोण करतं’ असे म्हणू लागतो तेव्हाच खाली येतो आणि शेवटपर्यंत, सुमारे बारा सेकंद, तसाच राहतो. आधी तो बोलणे संपल्यावर, बोधचिन्हासोबत तीन सेकंद दिसत होता आणि तेवढ्यात कोणालाही टिपून घेता येत नव्हता. क्यूआर कोड मोबाइलच्या आवृत्तीतून काढला, कारण हातातल्याच फोनवर दिसणारा कोड त्याच फोनने टिपणे बहुतेकांना जमत नाही. मंडळाच्या पडद्यासाठीच्या आवृत्तीत तो ठेवला आहे, आणि तो टिपला की नेत्रपेढीचा क्रमांक थेट संपर्कयादीत जतन करता येतो. आधी तो आमच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेत होता. तेथे पोहोचलेल्या माणसाला पुन्हा शोधाशोध करावी लागत होती.

१६ ऑगस्ट

शेवटची पंचवीस सेकंदे आता अशी आहेत. मुलगा मागाशेजारी बसून बोलतो आहे, माग बंद आहे, संगीत नाही.

‘आईनं मलाच सांगितलं होतं. थोरला भाऊ आहे, पण घरात असं काही झालं की सगळ्यांना फोन मी करतो. म्हणून त्या रात्री मला ते आठवलं. तुमच्या घरात हे फोन कोण करतं, त्याला सांगून ठेवा. नंबर पण देऊन ठेवा.’

त्यानंतर दोन सेकंद तो नुसता दिसतो, मग काळा पडदा येतो आणि संस्थेचे नाव लहान अक्षरांत. ‘म्हणून त्या रात्री मला ते आठवलं’ हे वाक्य त्याच्या उत्तराच्या दुसऱ्या भागातून आणून जोडले आहे. हे त्याला दाखवून त्याची संमती घेतली. जोडलेले बोलणे त्या माणसाला मान्य आहे की नाही, हे विचारल्याशिवाय फीत बाहेर जाऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

एका कार्यकर्त्याने ‘नाहीतर दोन अंधांची दृष्टी तुमच्यामुळे हुकेल’ असे वाक्य सुचवले होते. ते घेतले नाही. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे आणि ज्यांना हे माहीतच नव्हते, अशी माणसेही मंडळाच्या मांडवात बसलेली असतात.

२१ ऑगस्ट

बचत गटात आठवड्याभरापूर्वी नवी फीत दाखवली होती. आज जाऊन ‘कोणाला सांगितलंत?’ असे विचारले. हा प्रश्न ‘आवडली का’ यापेक्षा कठीण आहे आणि त्यातून खरे कळते. काहींनी नाव घेऊन सांगितले: भाचा, धाकटा दीर, शेजारचे रिक्षावाले दादा. ‘अभद्र’ म्हणालेल्या आजींनी नातजावयाला सांगितले आहे. काहींनी अजून सांगितलेले नाही, पण तो माणूस कोण हे त्यांना माहीत होते. पूर्वी ‘फॉर्म कोठे मिळतो’ येथे संवाद थांबत होता, त्या मानाने हा मोठा फरक आहे. एकट्या राहणाऱ्या दोन विधवा बायांनी मात्र विचारले की आमचे फोन करणारे कोणीच नाही, मग काय करायचे. त्यांच्यासाठी नेत्रपेढीचे संकल्पपत्र भरून त्याची एक प्रत शेजारी आणि एक प्रत बचत गटाच्या अध्यक्षांकडे ठेवण्याचा मार्ग काढला. त्यातही नातलगाच्या संमतीची अडचण उरते, हे त्यांना मोकळेपणाने सांगितले. फितीत याला जागा नाही.

२९ ऑगस्ट

गणेशोत्सवाचा तिसरा दिवस. मंडळात फीत आरतीनंतर लगेच लावली तर झांजा, प्रसादाची गडबड आणि लहान मुले यांत आवाज पोहोचत नाही. ज्या दोन मंडळांनी ती आरतीपूर्वी, माणसे बसलेली असताना लावली, तेथे क्रमांक टिपून घेणारे दिसले. मोठ्या अक्षरांतील उपशीर्षके आता सर्व आवृत्त्यांत घातली आहेत. शेवटच्या दोन वाक्यांची अक्षरे इतरांपेक्षा दीडपट आहेत, म्हणजे आवाज ऐकू आला नाही तरी मागणी वाचता येते.

समुपदेशक ताईंनी कळवले की या आठवड्यातील चौकशीच्या फोनमध्ये अर्जाविषयी विचारणारे कमी आणि ‘आमच्या आजी नव्वदीच्या आहेत, चालेल का?’ असे विचारणारे अधिक आहेत. वयामुळे फोन टाळू नये, डोळे उपयोगी आहेत की नाहीत हे तपासून ठरते, असे त्या सांगतात. हे उत्तर फितीत नाही. ते आवाहनात न घालता मुलाच्या हकिकतीत, मधुमेहाच्या उल्लेखाशेजारी घालायचे आहे. त्याची आई किती वर्षांची होती, हे आम्ही त्याला विचारलेच नव्हते. विसर्जनानंतर एका वाक्याचे चित्रण करायला त्याने होकार दिला आहे.